गावचं पाणी की घरचं कपाट?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्याचा शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल येऊन पडला. गुणवत्ता यादीत नाव आलं होतं. मग काय, अंगठे, हार, पेढ्यांची चित्रं, सगळं यथासांग झालं. मीही एक हार टाकला. पोराने मेहनत केली होती, कौतुक व्हायलाच हवं होतं. तेवढ्यात काकांचा निरोप आला, "पाणीच तसं आहे निफाडचं! न्यायमूर्ती रानड्यांचं गाव आहे शेवटी!"

पुतण्या जन्मापासून नाशिकला आहे. निफाडचं पाणी तो उन्हाळ्याच्या सुट्टीत पितो, आणि तेही बाटलीतलं. पण असो, हौसेला मोल नाही.

खटकलं ते पुढचं. कुणीतरी विचारलं की आपल्या मळ्यावर राहतात त्यांची मुलगीही यंदा त्याच परीक्षेला बसली होती ना, तिचं काय झालं? काकांनी उत्तर दिलं, "तिचं नाही आलं. चुणचुणीत आहे पोरगी, पण शेवटी डोकं लागतं हो त्याला."

त्या ओळीखाली चार अंगठे आले. त्यातला एकही माझा नव्हता, पण मी गप्प बसलो. ग्रुपवर वाद घालायचा नाही हा आमच्या घरचा अलिखित नियम आहे. म्हणून इथे लिहितोय. काकांना दुवा पाठवणार आहेच. त्यांनी वाचावं आणि मग खुशाल रागवावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ज्याला डोकं म्हणतो त्यातला मोठा हिस्सा डोक्यात नसतो, घरात असतो. तो शाळा सुरू होण्याआधीच मुलाच्या पदरात पडलेला असतो. शाळा तो शिकवत नाही, पण परीक्षा मात्र त्याचीच घेते. मग ज्याच्याकडे तो आधीपासून होता त्याला बक्षीस देते, आणि ज्याच्याकडे नव्हता त्याला सांगते की बाळ, तुझं डोकं कमी पडलं.

काकांनी रानड्यांचं नाव काढलंच आहे तर तिथूनच सुरू करू.

महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला जन्मले हे खरं. पण निफाडने त्यांना काय दिलं? वडील गोविंदराव सरकारी नोकरीत कारकून होते आणि त्या नोकरीमुळे कुटुंब इथे होतं. पुढे वडिलांना कोल्हापूर संस्थानात नोकरी मिळाली आणि महादेव कोल्हापूरच्या मराठी शाळेत, नंतर तिथल्या इंग्रजी शाळेत शिकला. १८५६ साली, चौदाव्या वर्षी, तो मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेला. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. ती पास होणाऱ्या पहिल्याच तुकडीत त्याचं नाव होतं. १८६२ ला बी.ए., १८६४ ला एम.ए. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात. लहानपणी हा मुलगा अबोल आणि मंद वाटायचा. घरच्यांना काळजी होती की याचं कसं होणार. आपण ही गोष्ट मुलांना अशी सांगतो की बघा, मंद वाटणारा मुलगा केवढा मोठा झाला. मला त्यात वेगळंच दिसतं. कारकुनाच्या घरात मंद वाटणाऱ्या मुलाला *थांबायला वेळ* मिळाला. घरात लिहिणं-वाचणं हाच पोटाचा धंदा होता, त्यामुळे या मुलाने शिकायचं की नाही असा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. प्रश्न फक्त कधी जमेल एवढाच होता. त्याच वर्षी त्याच निफाडमध्ये एखाद्या शेतमजुराच्या घरी असाच एखादा अबोल मुलगा जन्मला असेल, तर त्याची वाट किती दिवस पाहिली गेली असेल? पाणी तर तो तेच प्यायला होता!

यात रानड्यांची थोरवी तसूभरही कमी होत नाही. त्यांनी मिळालेल्याचं जे केलं ते फार थोड्यांनी केलं. पण मिळालं होतं, एवढं तरी मान्य करूया.

आता दुसरा माणूस. रानडे पुण्यात होते त्याच काळात पुण्यात महात्मा फुलेही होते. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला आणि फुल्यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण हवं, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, या त्यातल्या मागण्या बऱ्याच जणांना ठाऊक असतात. पण त्यात सरकारी शिष्यवृत्त्यांबद्दल दोन-चार वाक्यं आहेत, ती फारशी कुणी वाचत नाही. त्यांचा आशय असा की ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे त्यांनाच या शिष्यवृत्त्या उत्तेजन देतात आणि बाकीच्यांचं त्यात नुकसान होतं. चढाओढीने शिष्यवृत्ती देणं तत्त्वतः न्यायाचं दिसतं, पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात.

पुन्हा एकदा वाचा. सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ, एकच तपासणी. दिसायला यापेक्षा न्याय्य काय असणार? आणि तरीही निकाल आधीच ठरलेला, कारण एकाला गोडी घरूनच लागली आहे आणि दुसऱ्याला ती लावायची जबाबदारी कुणीच घेतलेली नाही. हे १८८२ साली म्हटलं गेलं आहे.

यानंतर ब्याऐंशी वर्षांनी, १९६४ मध्ये, पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने पासरों या सहकाऱ्याबरोबर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थच 'वारसदार' असा होतो. पुढे बोर्द्यूने या गोष्टीला सांस्कृतिक भांडवल असं नाव दिलं. तो स्वतः फ्रान्सच्या एका कोपऱ्यातल्या खेड्यातला, टपाल खात्यातल्या साध्या नोकरदाराचा मुलगा. त्याने या भांडवलाची तीन रूपं सांगितली. पहिलं अंगात मुरलेलं, म्हणजे बोलण्याची ढब, शब्द, सवयी. दुसरं वस्तूंच्या रूपातलं, म्हणजे घरातली पुस्तकं, वाद्यं, चित्रं. तिसरं कागदावरचं, म्हणजे पदव्या आणि प्रमाणपत्रं. यातलं पहिलं सगळ्यात फसवं, कारण ते पैशासारखं मोजून दाखवता येत नाही. पाहणाऱ्याला ते उपजत बुद्धीच वाटते. वारसा मिळालेला असतो, पण दिसते ती गुणवत्ता!

हे सगळं फार पुस्तकी वाटत असेल तर माझ्याच शाळेत या. निफाड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग. तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. (२०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीला गेली.) माझ्या बाकावर शेजारी जो मुलगा बसायचा त्याचे आईवडील एका द्राक्षबागेत कामाला होते आणि बागेतच खोपटात राहायचे. माझे वडील कचेरीत कारकून. हो, गोविंदरावांसारखेच. त्यामुळे मी कुणाच्या बाजूचा आहे ते आधीच सांगून टाकतो. मी वारसदारांपैकीच आहे.

हा माझा बाकमित्र हिशोबात माझ्यापेक्षा सरस होता. पेट्या भरायच्या दिवसांत तो बागेत हिशोबाला उभा असायचा. समजा सदतीस पेट्या झाल्या, चार किलोची एक पेटी, भाव सहा रुपये किलो. तो आभाळाकडे बघून म्हणायचा, "आठशे अठ्ठ्याऐंशी." कसं काढलंस विचारलं तर सांगायचा, "पेटी चोवीसची. चाळीस पेट्या धरल्या तर नवशे साठ व्हत्यात. तीन कमी, म्हंजी बहात्तर काढून टाकायचे." मी तेव्हा बोटं मोजत असायचो.

तेच उदाहरण शाळेत पाटीवर आलं की त्याची पंचाईत व्हायची. तो खाली नुसतं ८८८ लिहायचा. बाई विचारायच्या, रीत कुठे आहे? कुणाचं बघून लिहिलंस? मी मात्र सदतीस गुणिले चार बरोबर एकशे अठ्ठेचाळीस, एकशे अठ्ठेचाळीस गुणिले सहा बरोबर आठशे अठ्ठ्याऐंशी, असं एकाखाली एक लिहून शेवटी 'म्हणून एकूण किंमत ८८८ रुपये' हे वाक्य लिहायचो आणि पूर्ण गुण घ्यायचो. हे वाक्य लिहायचं असतं हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. वडिलांनी घरी शिकवलं होतं. कारकुनाला कागदावर कारण दाखवावं लागतं, ते त्यांच्या हाडात होतं, तेच माझ्या वहीत उतरलं. माझ्या बाकमित्राच्या घरी हिशोब तोंडी व्हायचा, आणि तो बरोबर यावा लागायचा, कारण चुकला तर मजुरी बुडायची. आमच्या घरी चुकला तर खोडरबर होतं.

खरं तर त्याची रीत माझ्यापेक्षा चांगली होती. वजाबाकी करून गुणाकार सोपा करण्याची ती युक्ती शाळेतच शिकवायला हवी. पण ती कागदावर कशी मांडायची हे त्याला कुणी दाखवलं नाही, आणि कागदावर नाही ते शाळेत नसतंच.

ही माझी एकट्याची आठवण आहे असं वाटू नये म्हणून एक अभ्यास सांगतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांवर केलेला हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीवर गिऱ्हाईक म्हणून हिशोब विचारले तेव्हा मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तशीच गणितं नुसत्या आकड्यांत, कागद-पेन्सिल देऊन घातली, तर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. पाचच मुलं होती, त्यामुळे त्यावरून सगळ्या जगाचं अनुमान काढू नये. पण डोकं तर दोन्ही वेळेला तेच होतं ना? मधे बदललं काय?

मग आली शिष्यवृत्ती परीक्षा. त्यात भाषा आणि गणिताबरोबर बुद्धिमत्ता चाचणी हा भाग असतो. नाव बघा, बुद्धिमत्ता! मला वडिलांनी त्याचं गाईड नाशिकहून आणून दिलं. आरशातली प्रतिमा, संख्यामाला, सांकेतिक भाषा, गटात न बसणारा शब्द ओळखा... दिवाळीपासून रोज संध्याकाळी वीस-वीस प्रश्न. पहिल्या दिवशी माझे निम्मे चुकले होते, परीक्षेपर्यंत दोन-तीनच चुकू लागले. चार महिन्यांत माझी बुद्धिमत्ता दुप्पट झाली म्हणायची! जी गोष्ट गाईडमधून वाढते तिला सराव म्हणतात. त्याला बुद्धिमत्ता म्हटलं की एक सोय होते. ज्याच्या घरी गाईड नाही त्याला सराव नाही असं म्हणावं लागत नाही, बुद्धी नाही असं म्हणता येतं.

त्यातला एक नमुना घ्या. तबला, मृदंग, ढोलकी, सतार. गटात न बसणारा शब्द कोणता? सतार, कारण ते तंतुवाद्य. सोपं आहे, पण सतार कधी ऐकली किंवा चित्रात पाहिली असेल तर. आमच्याकडे रेडिओ होता, 'किशोर' मासिक यायचं, वडिलांना गाण्याचा नाद होता. बाकमित्राला ढोलकी माहीत होती, बाकीचं नाही. आता हाच प्रश्न मी असा घालतो. थिनिंग, डिपिंग, गर्डलिंग, पेरणी. मळ्यावरची मुलगी क्षणात सांगेल, पेरणी. बाकीची तिन्ही द्राक्षाच्या घडासाठी करायची कामं आहेत. थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं, डिपिंग म्हणजे घड जीएच्या द्रावणात बुडवणं, गर्डलिंग म्हणजे सालीची बारीक कडी काढणं. आमचा यादीतला पुतण्या यावर अडेल. तो मठ्ठ आहे का? अजिबात नाही. त्याच्या घरी ते शब्द नाहीत, इतकंच. फरक एवढाच की तिच्या घरचे शब्द पेपरात येत नाहीत आणि त्याच्या घरचे येतात.

मी शिष्यवृत्तीत आलो. बाकमित्र परीक्षेला बसला की नाही तेही मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच आता लाज वाटते. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. घरी सगळे म्हणाले, त्याला शिक्षणाची गोडी नव्हती.

आता तुमचे आक्षेप. ते मला पाठ आहेत, कारण दिवाळीत सगळे जमलो की दरवर्षी हीच चर्चा होते.

पहिला आक्षेप असा की गरिबीतून शिकून मोठी झालेली माणसं आहेतच की, खुद्द बाबासाहेब बघा. बघूया. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, लष्करी शाळेत शिक्षक होते. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या शिक्षणाची सोय होती आणि तिचा महार पलटणीतल्या घरांना मोठा उपयोग झाला हे बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. रामजी मुलांना पहाटे उठवून अभ्यासाला बसवायचे, ग्रंथ वाचून घ्यायचे, मुलाला पुस्तक हवं म्हटल्यावर मुलींचे दागिने गहाण टाकून पैसे उभे करायचे. घरात पैसा नव्हता, वर अस्पृश्यतेची भिंत होती. वर्गात वेगळं बसणं, पाण्याला हात न लावणं, हे सगळं सोसूनच तो मुलगा शिकला. त्याच्या पराक्रमाला तोड नाहीच. पण घरात एक वाचणारा बाप होता. तुम्ही पैसा आणि हे दुसरं भांडवल यांची गल्लत करताय, म्हणून तुम्हाला ते उदाहरण तुमच्या बाजूचं वाटतं.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा. सगळा पैशाचा खेळ आहे, पैसा असला की झालं! तसं असतं तर आपल्या तालुक्यात चित्र वेगळं दिसलं असतं. निर्यातीच्या द्राक्षांवर बंगला आणि गाडी आलेली किती घरं आहेत, आणि त्यातली किती पोरं दहावीला धापा टाकतात! पैशाने क्लास विकत घेता येतो, पण पोराशी पुस्तकातल्या भाषेत रोज बोलणारं घर लगेच विकत घेता येत नाही. त्याला एक पिढी जाते. वर आपण एक घोळ करून ठेवलाय. आई मराठी सातवी शिकलेली, मराठी पुस्तक छान वाचून दाखवू शकणारी. मुलाला घातलं इंग्रजी माध्यमात. आता त्या आईला शाळेची डायरीसुद्धा वाचता येत नाही. म्हणजे घरात जे थोडंफार भांडवल होतं ते आपल्याच हाताने रद्दीत घातलं आणि वर्षाला हजारो रुपये भरून दुसऱ्याचं भाड्याने आणलं.

तिसरा आक्षेप ग्रुपवर वारंवार येतो. जागा मार्कांवर द्या, बाकी काही बघू नका. ठीक आहे, मार्कांवर बोलू. पण मग मार्कांत काय काय मिसळलेलं आहे तेही बोलू. माझ्या चौथीच्या मार्कांत वडिलांच्या संध्याकाळी होत्या, गाईड होतं, रेडिओ होता, आणि परीक्षेचा अर्ज कधी भरायचा हे आठवणीने सांगणारी शिक्षिका आत्या होती. एवढं सगळं माझ्या नावावर जमा झालं आणि निकालात 'गुणवत्ता' असा एकच शब्द छापून आला. फुल्यांनी शिष्यवृत्त्या राखायला सांगितल्या त्या दया म्हणून नाही. ही शर्यत एका रेषेवरून सुरू होत नाही हे त्यांना दिसत होतं म्हणून.

चौथा आक्षेप शिक्षकांचा, आणि मला तो सगळ्यात धोक्याचा वाटतो. शिक्षक म्हणतात, बरोबर आहे तुमचं, घरीच वातावरण नाही, आम्ही तरी काय करणार? म्हणजे मी जे मांडलं त्याचाच उपयोग हात झटकायला! पण यातून नेमका उलटा अर्थ निघतो. घरी मिळत असतं तर शाळेने नसतं शिकवलं तरी चाललं असतं. घरी मिळत नाही म्हणूनच ते शाळेने, वर्गात, उघडपणे शिकवायचं आहे. डॉक्टर कधी म्हणतो का की पेशंटच आजारी आहे, मी काय करू?

आणि ते शिकवता येतं. फार पैसाही लागत नाही. बाईंनी त्या दिवशी बाकमित्राला फळ्याजवळ बोलावून म्हणायला हवं होतं, तू तोंडाने सांग, मी लिहिते. चाळीस गुणिले चोवीस, वजा तीन गुणिले चोवीस. बघा रे, याला रीत म्हणतात, ही याची रीत आणि ही पुस्तकातली. पाच मिनिटांचं काम. निबंधाचंही तेच. 'माझी सहल' लिहा म्हणून सोडून देण्याऐवजी एक चांगला निबंध वर्गात फोडून दाखवायचा, सुरुवात अशी केली, मधे हे आणलं, शेवट असा केला. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला हसण्याऐवजी सांगायचं की घरी पानी बरोबर, वहीत पाणी लिहायचं. दोन्ही त्याला येऊ देत. प्रकल्प घरून करून आणायला सांगूच नये, कारण घरी तो आई-बाप करतात, आणि ज्याचे आई-बाप करू शकत नाहीत त्याचे गुण जातात. पालकसभा सकाळी अकराला ठेवायची आणि मग पालक येत नाहीत, त्यांना आस्थाच नाही म्हणायचं, हेही बंद व्हावं. त्या सभेची किंमत मजुराला एक दिवसाचा रोज असते.

याने सगळं सारखं होईल असं मी म्हणत नाही. हंगाम संपला की कुटुंब उठून दुसऱ्या गावी जातं, तेव्हा शाळा काय शिकवणार? संध्याकाळी खोपटात दिवाच नसेल तर वर्गातला उत्तम निबंधही तिथवर पोचत नाही. शाळेच्या हातात सगळं नाही. पण जे तिच्या हातात आहे तेही ती करत नाही, कारण तिला वाटतं ते मुलाच्या डोक्यात आपोआप असतं.

आता काका, शेवटी तुमच्याकडे येतो. गोडी छाटणी ऑक्टोबरात होते आणि पुढे घड दिसायला लागतात. सगळे तेव्हाच बागेत येऊन फोटो काढतात. पण वेलीवर घड किती येणार हे तेव्हा ठरत नाही. एप्रिलात खरड छाटणी होते, मग दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्याच्या आत घड तयार होतो की नाही ते ठरतं. त्या दिवसांत ऊन, पाणी, खत कमी-जास्त झालं तर ऑक्टोबरात तुम्ही कितीही मरमर करा, वांझ काडीला घड येत नाही. हे मला शाळेने नाही, तुम्ही शिकवलंय. आणि अशा वेळी वेलीला डोकं नाही असं तुम्ही कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. तुम्ही म्हणता, यंदा एप्रिलात आपलं काहीतरी चुकलं.

त्या मुलीचा एप्रिल तिच्या आई-वडिलांनी आपल्याच बागेत राबण्यात घालवला. आपल्या पुतण्याचे फोटो निघाले त्यात त्या राबण्याचाही हिस्सा आहे, कारण त्याच्या क्लासची फी द्राक्षांच्याच पैशांतून गेली.

मी पुढच्या रविवारी मळ्यावर येतोय. पुतण्याची गाईडं आता त्याला लागणार नाहीत, ती घेऊन येतो. पण नुसती गाईडं ठेवून जाणार नाही. दर रविवारी दोन तास तिच्याबरोबर बसणार आहे, माझ्या वडिलांनी माझ्याबरोबर बसून काढले तसे. पडवीतला मोठा दिवा तेवढा चालू ठेवा. आणि त्या ओळीखालचा अंगठा ज्यांनी ज्यांनी दिलाय त्यांना तो काढून घेता येतो, व्हॉट्सॲपवर तशी सोय आहे.